नानांच्या आठवणी आणि बोलून लिहिण्याचे ॲप : एका पत्राचे प्रकरण

माझे आजोबा, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत राहतात. ते पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आयुष्याच्या आठवणी लिहायला घेतल्या, परंतु दोनशे पानी वहीची त्रेसष्ट पाने भरल्यानंतर उजव्या हाताला कंप सुटला आणि लिखाण थांबले. पाच-सहा ओळी लिहिल्या की अक्षर त्यांचे त्यांनाच लागत नसे. मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करतो. गेल्या वर्षी आषाढात मी त्यांना पत्र लिहून सुचवले, की हाताने लिहिण्याऐवजी फोनवर बोलून लिहावे. त्या पत्राचे काय झाले, कुठे चुकले आणि दुसरे पत्र का लिहावे लागले, हे येथे तपशिलाने नोंदवतो.

फोन न करता पत्र का लिहिले, हे आधी सांगायला हवे. नानांना फोनवर ऐकू कमी येते, आणि ऐकलेली सूचना दुसऱ्या दिवशी आठवत नाही. पत्र मात्र ते तीन-चार वेळा वाचतात, महत्त्वाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारतात आणि पडवीतल्या तारेला टोचून ठेवतात. यंत्राशी काम करताना समोर ठेवून वाचता येईल असा कागद त्यांना हवा होता.

पहिल्या पत्रात मी तीन ॲप सुचवली होती. प्रत्येकाचे गुणदोष सांगितले, मेनूतील इंग्रजी नावे देवनागरीत लिहिली आणि शेवटी ‘आपल्याला जे सोयीचे वाटेल ते वापरावे’ असे म्हटले. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत एवढेच होते : ‘पत्र पोचले. तीनपैकी कोणते ते तू ठरव. मला आठवायचे आहे, निवडायचे नाही.’

ही पहिली चूक माझी होती. मराठीत बोललेले देवनागरीत उमटण्याची सोय आता अवघड राहिलेली नाही. गुगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठीसह आठ भारतीय भाषा बोलून लिहिण्याच्या सोयीत आणल्या, आणि तेव्हापासून साध्या अँड्रॉइड फोनच्या कीबोर्डवरील माइकचे चित्र दाबून मराठी लिहिता येते. म्हणजे नानांना वेगळे ॲप घ्यायचीही गरज नव्हती. जे आधीच फोनमध्ये आहे त्यातले एक चित्र दाखवणे एवढेच काम होते, आणि मी त्यांच्यापुढे तीन दारे उघडून ठेवली होती.

घरी राहणाऱ्या काकीने फोनवर माझ्याशी बोलत कीबोर्डला मराठी भाषा जोडली, आणि एका सकाळी नाना पंचवीस मिनिटे बोलले. पडद्यावर अकरा ओळी उमटल्या. त्या दिवशी त्यांनी आगबोटीविषयी सांगितले होते. त्या काळी पावसाळा सोडून मुंबईहून कोकणात आगबोट यायची, ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर आणले जायचे. नानांचे वडील त्या पडावांवर आणि पुढे स्वतःच्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, तांडेल म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. त्या पंचवीस मिनिटांतले बहुतेक सारे हरवले.

कारण साधे आहे. बोलणे थांबले की थोड्याच क्षणांत माइक आपोआप बंद होतो. तरुण माणूस अर्ध्या वाक्यावर इतका थांबत नाही, परंतु ऐंशी वर्षांपूर्वीचे आठवणारा माणूस वाक्यावाक्याला थांबतो. नाना डोळे मिटून बोलत होते. माइक बंद झाल्याचे चित्र पडद्यावर दिसत होते, ते पाहायला कोणी नव्हते. मी सावधगिरी म्हणून त्याच फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवायला सांगितले होते, ते उघडले तर त्यात शांतता होती. अँड्रॉइडमध्ये दोन साधी ॲप एकाच वेळी माइक वापरू लागली तर सामान्यतः एकालाच आवाज मिळतो. दुसरे चालू असल्यासारखे दिसते, मिनिटे पुढे सरकतात, परंतु त्यात काहीच उमटत नाही. हे मला ठाऊक असायला हवे होते. ती सकाळ नानांनी पुन्हा सांगितली, पण पहिल्यासारखी नाही, असे काकी म्हणाली.

गणपतीला मी गावी गेलो आणि चार सकाळी त्यांच्याजवळ बसलो. या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेव्हा लक्षात आली. तोपर्यंत सात पाने मजकूर जमला होता, आणि मी तो पुण्यात वाचून ‘बरा आहे’ असे ठरवलेही होते. नानांना तो मोठ्याने वाचून दाखवू लागलो, तेव्हा एका ओळीवर त्यांनी मला थांबवले.

‘पाडव्याला उतारू भरपूर असायचे.’

‘हे मी बोललो नाही,’ ते म्हणाले. ‘पाडव्याचा काय संबंध? पडावाला म्हणालो मी. पडावाला उतारू भरपूर असायचे, म्हणून पडाव डुलायचा.’

मुद्रितशोधक म्हणून मी ती ओळ दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा पुढे गेलो होतो. तिच्यात एकही अशुद्ध शब्द नाही. सणाला प्रवासी जास्त असतात, तेव्हा अर्थही बरोबर लागतो. खिळे जुळवताना किंवा टंकलेखनात चूक झाली की निरर्थक शब्द तयार होतो आणि तो डोळ्याला टोचतो. बोलून लिहिताना होणारी चूक बहुतेक वेळा शुद्ध लिहिलेला, खरा, पण भलताच शब्द असतो. यंत्र ऐकलेल्या आवाजाला जुळणारे अनेक शब्द मनाशी धरते आणि त्यांतला कोणता शब्द शेजारच्या शब्दांबरोबर नेहमी येतो, ते पाहून निवड करते. ज्या मराठी मजकुरावर ते शिकले त्यात पाडवा हजारो वेळा आला असेल, पडाव क्वचितच. त्यामुळे नेहमीचे मराठी ते चांगले लिहिते, आणि जे शब्द फक्त नानांच्या आयुष्यातले आहेत, ज्यांच्यासाठी या आठवणी लिहून ठेवायच्या, नेमके तिथेच चुकते. ‘तांडेल’चे ‘तांदूळ’ झाले होते, ते मला दिसले होते. पहाटे जमिनीकडून सुटणारा ‘मतलई वारा’ ‘मतलबी वारा’ झाला होता, तेही दिसले. ‘भांगाच्या दिवसांत’ मात्र ‘भांगेच्या दिवसांत’ झाले होते, आणि अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी मंद असते तिला भांग म्हणतात, हे ज्याला माहीत नाही असा वाचक त्यातून काय समजला असता, ते सांगता येत नाही.

बोलीचे प्रकरण याहून कठीण निघाले. नानांनी आपल्या आजीच्या तोंडचे एक वाक्य सांगितले होते : ‘खंय गेललंस रे? तुझो बापूस अजून येवंक नाय.’ वादळाच्या संध्याकाळी उंबऱ्यावर उभे राहून ती हे म्हणाली होती. पडद्यावर उमटले, ‘काय गेलास रे तुझा बाप अजून येऊ का नाही.’ बाप अजून आला नाही, हे सांगणे होते ते विचारणे झाले. मराठी ऐकायला शिकलेले यंत्र मालवणी शब्दाला जवळच्या प्रमाण शब्दाकडे ओढते. दहा वेळा स्पष्ट बोलूनही त्यात फरक पडला नाही. तिथे प्रयत्न सोडून देणे हेच योग्य होते आणि मी तसे ठरवले.

आकड्यांचीही एक नोंद करतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नाना शिक्षक होते. पहाटे कौले खडखडली आणि माणसे अंगणात आली, हा प्रसंग त्यांनी सांगितला. वर्ष उमटले १९७७. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणून चूक सापडली. परंतु त्याच पानावर आत्याच्या जन्माचे आणि घर शाकारल्याचे वर्षही होते, आणि ती तपासायला बाहेर कुठेच नोंद नाही. एकदा छापली गेली की तीच खरी ठरणार.

पुण्याला परतल्यावर मी दुसरे पत्र लिहिले. ते येथे जवळजवळ पूर्ण देतो, कारण पुढे चाललेले सारे काम त्यावरच चालले.

‘तीर्थरूप नानांस, शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रातल्या तिन्ही ॲपचे विसरून जावे. आपण एकच करायचे. काकी सकाळी चहानंतर फोन उघडून वहीसारखे पान समोर ठेवील. त्या पानावर बोट टेकले की खालून अक्षरांची पट्टी वर येते. तिच्यात सर्वांत खाली जी लांब कळ आहे तिच्यावर “मराठी” लिहिलेले असावे. नसेल तर काकीला हाक मारावी.

सुरुवात करण्यापूर्वी रोज एकच वाक्य बोलून पाहावे : “सकाळची वेळ, निळे आभाळ, केळीचा घड.” पडद्यावर ळ उमटला तर मराठी चालू आहे. “सकाल” आणि “वेल” असे उमटले तर चुकून हिंदी चालू झाले आहे, तेव्हा पुढे बोलू नये. देवनागरी दिसते म्हणून ते पटकन कळत नाही.

माजघरात बसावे, पडवीत नको. पावसात पडवीच्या पत्र्याचा आवाज तुमच्या आवाजाहून मोठा होतो. पंखा बंद असावा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर पुस्तकाला टेकवून ठेवावा. कवळी लावलेली असावी, कारण संध्याकाळी कवळी काढून बोललेल्या दोन पानांत स आणि श यांचे बरेच शब्द चुकले आहेत, ते मी पाहिले.

आधी डोळे मिटून प्रसंग आठवून घ्यावा. मग डोळे उघडून माइक दाबावा आणि एक वाक्य बोलावे. वाक्य पडद्यावर उमटलेले पाहावे. माइक बंद झाला असेल तर पुन्हा दाबावा. हे कंटाळवाणे आहे, परंतु डोळे मिटून सलग बोललेले हरवते, हा अनुभव आपण घेतला आहे. पूर्णविराम, स्वल्पविराम मी नंतर देईन. एक प्रसंग संपला की माइक बंद करून काकीला खालची ओळ सोडायला सांगावी, म्हणजे परिच्छेद मला कळेल.

शेजारी काकीचा जुना फोन ठेवलेला असेल. त्यात फक्त तुमचा आवाज मुद्रित होतो. त्याला हात लावू नये. कागदावर काही चुकले तर तुमचा आवाज माझ्यापाशी राहील.

आजीचे, वडिलांचे, वाडीतल्या माणसांचे मालवणी बोलणे फोनला सांगू नये. ते वहीत लिहावे, दिवसाला दोनच वाक्ये. प्रत्येक वाक्याला आकडा द्यावा आणि बोलताना त्या जागी “खूण एक”, “खूण दोन” एवढेच म्हणावे. वर्षे आणि तारखाही वहीतच लिहाव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे बोलून झाले ते त्याच दिवशी, जेवणापूर्वी, काकीने तुम्हाला वाचून दाखवावे. महिन्याने वाचले तर चुकीचा शब्दही तुम्हाला आपलाच वाटू लागेल. मला तर तो आजच कळत नाही. पाडव्याचा पडाव फक्त तुम्हीच ओळखू शकलात.

घरच्या भांडणाच्या आणि जमिनीच्या गोष्टी फोनला सांगायच्या की नाही, ते तुम्ही ठरवावे. बोललेला आवाज सहसा इंटरनेटवरून बाहेरच्या संगणकाकडे जाऊन मग त्याची अक्षरे होतात. वहीतले वहीतच राहते.

काकीस नमस्कार. पावसात वीज गेली तर त्या दिवशी सुट्टी घ्यावी.’

या पत्रातील प्रत्येक सूचना कुठल्या ना कुठल्या हरवलेल्या पानामागून आली आहे. तरीही नेहमी लागणाऱ्या शब्दांचा प्रश्न उरलाच. तांडेल, पडाव आणि मचवा हे तीन शब्द पानोपानी येतात आणि दरवेळी वेगळ्या रीतीने चुकतात. रोज काकीने ते दुरुस्त करायचे तर अर्धा तास त्यातच जातो. म्हणून मी नानांना सुचवले, की या शब्दांच्या जागी यंत्र कधीही चुकत नाही असा दुसरा शब्द बोलावा आणि मी तो नंतर एकदम सगळीकडे बदलीन.

इथे मराठीच्या विभक्तीने मला बरेच शिकवले. बदली शब्द मूळ शब्दासारखाच चालणारा हवा. पडाव पुल्लिंगी आणि अकारान्त, तेव्हा ‘उंट’ चालतो, कारण ‘उंटाला’मधील ‘उंट’ काढून ‘पडाव’ घातले की ‘पडावाला’ आपोआप मिळते, आणि क्रियापदही पुल्लिंगीच असल्यामुळे ‘उंट डुलायचा’चे ‘पडाव डुलायचा’ होते. शिवाय किनाऱ्यावरच्या आठवणींत उंट दुसरीकडे कुठे येत नाही. तांडेलासाठी मी ‘जिराफ’ सुचवला होता. नानांनी तो नाकारला. वडिलांच्या जागी तो शब्द आपल्या तोंडून येणार नाही, असे त्यांनी काकीला सांगितले. मग ‘सम्राट’ ठरला, आणि व्याकरणाने तो तितकाच बिनचूक बसला : सम्राटाने, तांडेलाने.

मचव्याने मात्र दगा दिला. तो आकारान्त, म्हणून मी ‘तवा’ निवडला होता, कारण तव्यावर तसेच मचव्यावर. ‘तवा’ आणि ‘तव्या’ अशी दोन रूपे बदलली की झाले, असे वाटले. बदलून झाल्यावर वाचताना एके ठिकाणी ‘हामचवारे’ असा शब्द दिसला. संगणक शब्द बदलत नाही, अक्षरांची ओळ बदलतो, आणि ‘हातवारे’ या शब्दाच्या पोटात ‘तवा’ होता. त्यानंतर ‘गालिचा’ घेतला, जो लांब आहे आणि दुसऱ्या शब्दात सहसा सापडत नाही. त्याची मात्र तीन रूपे बदलावी लागतात : गालिचा, गालिच्या आणि गालिचे. ही बदली करण्यापूर्वी मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवायची, हा नियम मी त्या दिवसापासून मोडलेला नाही.

दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत काम या पद्धतीने चालले. नाना दिवसाला वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाहीत, आणि त्यातून छापील पाऊण पान निघते. वहीत हाताने रोज पाच-सहा ओळी निघत होत्या, त्या तुलनेत ही गती पुष्कळ आहे. परंतु त्यांच्या वाक्याची घडण बदलली, ही गोष्ट लपवून उपयोग नाही. वहीतली त्यांची वाक्ये लांब होती, एकात एक गुंतलेली, जुन्या शिक्षकाची. फोनसमोर एकेक वाक्य बोलून थांबावे लागल्याने ती आखूड झाली. मी दोन्हींचे नमुने त्यांना एकाखाली एक छापून पाठवले. त्यांनी आगबोटीचे आणि भूकंपाचे प्रकरण तसेच ठेवायला सांगितले, आणि आईच्या मृत्यूचे प्रकरण फोनवर बोललेले रद्द करून वहीत पुन्हा लिहायला घेतले. ते रोज चार ओळी पुढे सरकते आहे. अक्षर वाईट आहे, पण काकीला ते लागते.

काकीच्या जुन्या फोनमधील ध्वनिमुद्रणे मी दर महिन्याला दोन ठिकाणी उतरवून ठेवतो. त्यांचा उपयोग मी चुका शोधण्यापुरता धरला होता. माघात एकदा ‘खूण सात’ची जागा वहीत सापडेना, म्हणून त्या दिवसाचे मुद्रण ऐकले. नानांनी तिथे ‘खूण सात’ म्हटले होते, आणि त्यानंतर माइक बंद आहे असे समजून तेच वाक्य हलक्या आवाजात, आजीच्या सुरात, स्वतःशीच पुटपुटले होते : ‘दर्यार वारो पडलो मगे तो येतलो.’ मी ते वहीत उतरवायला काकीला फोनवरून सांगितले. नानांनी ते वाचून ‘येतलो’च्या खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी बरोबरची खूण केली.